फोटोतल्या रंगावरून जिलबीतला कृत्रिम रंग ओळखता येतो का? (ठाणे)

कोपरीकर

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन फोटो फिरतायत. एक स्टेशनजवळच्या गाडीवरच्या जिलबीचा, रात्रीचा. दुसरा नौपाड्यातल्या एका जुन्या दुकानातल्या जिलबीचा, दुपारचा. गाडीवरची अगदी भगवी दिसते, दुकानातली फिकट पिवळी. एवढ्यावरून "गाडीवाला कपड्याचा रंग घालतो, त्याला इथे उभं राहू देऊ नका" इथपर्यंत मजल गेली आहे. गाडीवाला गेली कित्येक वर्षं तिथे उभा आहे, बायको आणि मुलगा सोबत असतात. पुराव्याशिवाय त्याचं पोट मारलं जाऊ नये असं मला वाटतं. आणि खरंच काही भलतं घालत असेल तर तेही कळायला हवं, कारण आमच्याच इमारतीतली मुलं तिथे खातात.

मी फोनवरच्या एका अ‍ॅपमध्ये रंगाचे आकडे काढले. गाडीवरची: लाल २५५, हिरवा १३८, निळा ०. दुकानातली: लाल २३२, हिरवा १७०, निळा ६१. या आकड्यांतून काही निष्कर्ष निघतो का?

गोडघाशा

निघतो की. निळा शून्य म्हणजे रंग ठासून भरलाय. इतका भडक केशरी केशराने किंवा हळदीने येतच नाही. मेटॅनिल यलो हा कपड्याचा रंगच असणार, स्वस्त पडतो आणि थोडासा पुरतो. घरी खात्री करायची तर जिलबी कोमट पाण्यात कुस्करा आणि वर लिंबू पिळा. गुलाबी झालं तर मेटॅनिल, नाही झालं तर निर्धास्त खा.

फोटोवाला_वाशी

कोपरीकर, आकड्यांकडे जाण्याआधी ते फोटो कोणत्या उजेडात काढलेत ते बघा. स्टेशनजवळच्या त्या पट्ट्यात बहुतेक गाड्यांवर पिवळी किंवा केशरी ताडपत्री असते आणि तिच्या आत एलईडीचा बल्ब. म्हणजे जिलबीवर पडणारा प्रकाशच आधी ताडपत्रीने पिवळा केलेला. फोन पांढऱ्याचा अंदाज आपला आपण बांधतो. चौकटीत पांढरं काहीच नसेल, नुसती कढई आणि जिलब्यांचा ढीग असेल, तर तो अंदाज हमखास चुकतो. त्यात हल्लीच्या फोनना समोर खाण्याचा पदार्थ आहे हे कळतं आणि ते लाल-पिवळा स्वतःहून चढवतात. हाच फोटो ग्रुपवरून तीनदा फॉरवर्ड झाला की तो आणखी दाबला जातो.

दुकानातली जिलबी काचेच्या कपाटात, पांढऱ्या ट्यूबखाली, स्टीलच्या ताटात असणार. ती फिकटच दिसेल. तुम्ही तुलना केलीत ती दोन उजेडांची.

शिवाय जिलबी पाकाने ओली असते. ओल्या कडेवर बल्बचं प्रतिबिंब पडतं तिथे पांढरा ठिपका येतो, आणि दोन वेटोळ्यांच्या मधल्या खाचेत रंग दुप्पट गडद दिसतो. एकाच फोटोत बोट दोन मिलिमीटर सरकवलं तरी आकडा बदलेल. करून बघा.

रसायनवाला_तुर्भे

निवृत्त आहे. एमआयडीसीतल्या एका अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली, रंग हे माझ्याच टेबलावर यायचे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

निळा शून्य याचा अर्थ "रंग ठासून भरलाय" असा होत नाही. पिवळे-केशरी रंग निळा प्रकाश गिळतात, म्हणून फोटोत निळ्याचा आकडा खाली येतो. तो शून्याला टेकला की पुढे काही सांगायला उरतच नाही. पाकात रंग आहे त्याच्या तिप्पट घातला तरी फोनमध्ये शून्यच दिसणार. म्हणजे नेमक्या ज्या जिलबीबद्दल शंका आहे तिच्याच बाबतीत फोटो मुका होतो. दुकानातल्या जिलबीचा ६१ हा आकडा निदान काहीतरी बोलतो तरी.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. समजा उजेड एकदम नीट आहे आणि आकडा खरा आहे. तरी त्यातून कळतं ते रंग किती आहे एवढंच. कोणता आहे ते कळत नाही. हळद, टार्ट्राझिन आणि मेटॅनिल यलो हे तिन्ही ४२५ ते ४४० नॅनोमीटरच्या दरम्यानचा प्रकाश सगळ्यात जास्त शोषतात. फोनच्या कॅमेऱ्याकडे लाल, हिरवा, निळा एवढ्या तीनच रुंद खिडक्या, त्यामुळे त्याला हे तिन्ही एकच. आमच्याकडचं यंत्रसुद्धा नुसत्या मिश्रणाच्या आलेखावर निकाल देत नाही. आधी रंग वेगळा करावा लागतो.

आणि कायदा आधी "कोणता" हेच विचारतो. आपल्याकडे खाण्यात आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे. पिवळ्यांत टार्ट्राझिन आणि सनसेट यलो, लालांत पाँसो फोर आर, कार्मोयसिन आणि एरिथ्रोसिन, बाकी दोन निळे आणि एक हिरवा. मिठाईत यांची मर्यादा साधारण किलोला १०० मिलिग्रॅम. याचा अर्थ गाडीवाल्याची भगवी जिलबी सनसेट यलो घालून पूर्णपणे कायद्यात बसणारी असू शकते. उलट फिकट पिवळ्या, सोज्वळ दिसणाऱ्या जिलबीत थोडासा मेटॅनिल असला तरी ती बाद, कारण त्याला कितीही कमी प्रमाणात परवानगी नाही.

गोडघाशा, लिंबाचं राहिलं. आम्लाने मेटॅनिल गुलाबी-किरमिजी होतो हे बरोबर आहे. पण त्यासाठी पीएच दोनच्या आसपास किंवा खाली जावा लागतो. लिंबाचा रस पाण्यात आणि पाकात मिसळला की तिथवर पोचत नाही, व्हिनेगर तर अजिबात नाही. प्रयोगशाळेत हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. त्यामुळे लिंबू पिळून रंग बदलला नाही म्हणून कुणीही निर्धास्त होऊ नये. आणि कृपा करून संडास साफ करायचं आम्ल स्वयंपाकघरात आणू नका. त्यात मुळातच रंग मिसळलेला असतो आणि त्याच्या वाफा वाईट.

नेरूळची_स्नेहल

मला वेगळंच विचारायचंय. माझ्या मुलाने परवा सागर विहारला कालाखट्टा गोळा खाल्ला, दुसऱ्या दिवसापर्यंत जीभ जांभळी आणि ओठांच्या कडेला पुरळ. फोटो काढून ठेवलाय. जिभेच्या रंगावरून कोणता रंग होता ते कळेल का? डॉक्टरांना दाखवू का?

रसायनवाला_तुर्भे

स्नेहलताई, पुरळ दिसतंय तर डॉक्टरांना जरूर दाखवा, पण फोटोसाठी थांबू नका, मुलालाच घेऊन जा. जीभ रंगली यावरून रंग परवानगीचा की बिनपरवानगीचा हे ठरत नाही. परवानगी असलेले रंगही जिभेला चिकटतात, आणि कालाखट्ट्यात बहुधा लाल-निळ्याचं मिश्रण असतं. पुरळ कशाने आलं तेही इथे बसून सांगता येणार नाही. गोळ्यात रंगाखेरीज आम्ल असतं, बर्फ कुठला होता हा प्रश्न असतोच.

गोडघाशा

लिंबाचं पटलं. पण काका, एक सांगा, नोटा तपासायची ती जांभळी बॅटरी मारली तर? बुढ्ढी के बालमधला रंग तिच्याखाली चमकतो असं वाचलंय.

रसायनवाला_तुर्भे

तो ऱ्होडामिन बी. २०२४ मध्ये तमिळनाडू आणि कर्नाटकात कॉटन कँडीवरून जो गदारोळ झाला तो त्याचाच. पातळ द्रावणात तो केशरी चमकतो हे खरं. पण चमकणारी प्रत्येक गोष्ट ऱ्होडामिन नसते, परवानगी असलेला एरिथ्रोसिनही चमकतो. जिलबीच्या पिवळ्यासाठी या बॅटरीचा उपयोग नाही.

भट्टीवरचा

माझ्या वडिलांचं ऐरोलीत मिठाईचं छोटं दुकान आहे, सणाला मीही भट्टीवर बसतो. आमच्या बाजूनेही ऐका.

आम्ही डबीतला खाण्याचा रंग वापरतो, परवाना क्रमांक छापलेला. गाडीवाले बहुतेक तोच आणतात, कारण बाजारात तो स्वस्तच मिळतो. घोटाळा होतो तो मापात. रंग कुणी तोलत नाही. घाणा भिजवताना चिमूट टाकली, रंग कमी वाटला की आणखी एक. पहाटे बल्बच्या पिवळ्या उजेडात पीठ कालवलं की रंग चढलेला कळतच नाही, उजाडल्यावर भडक दिसतो. दसऱ्याला तर गिऱ्हाईकच म्हणतं, "फिकी का दिसते, शिळी आहे का?" फाफड्याबरोबर भगवी जिलबी लागते लोकांना.

आता आम्ही रंगाचं पाणी करून बाटलीत ठेवतो आणि बुचाने मोजून घालतो. वडील आधी कटकट करायचे, आता त्यांना सवय झाली.

रसायनवाला_तुर्भे

हे फार कामाचं सांगितलंत. किलोला १०० मिलिग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहावा भाग. बोटांच्या चिमटीत येणारी पूड सहज त्याच्या तिप्पट भरते. शुद्ध रंग असेल तर किलोभर जिलबीला एक चिमूटसुद्धा मर्यादा ओलांडते. फक्त डबीतली पूड शुद्ध नसते, तिच्यात मीठ किंवा डेक्स्ट्रोज मिसळलेलं असतं. रंगाचा खरा अंश किती ते डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचा. बाटलीचं पाणी करताना त्याच हिशोबाने करा.

फोटोवाला_वाशी

म्हणजे "कोणता" हे फोटोतून नाही, हे मान्य. पण "किती" साठी फोन वापरता यायला हवा. मी दोन दिवस खटपट केली, कशी ते लिहितो.

जिलबीचा फोटो काढायचाच नाही, तिच्या पाण्याचा काढायचा. कोपरीकरांनी त्याच गाडीवरून जिलबी आणून दिली. दहा ग्रॅम तोलून घेतली, गरम पाण्यात कुस्करली, थंड झाल्यावर वर आलेलं तूप काढून टाकलं, कॉफीच्या गाळणकागदातून गाळलं आणि पाणी घालून बरोबर १०० मिलिलिटर केलं. जिलबीत किलोला १०० मिलिग्रॅम रंग असेल तर या पाण्यात लिटरला १० मिलिग्रॅम येतो.

मग डबीतला टार्ट्राझिन एक ग्रॅम तोलून लिटरभर पाण्यात, आणि त्यातून ५, १० आणि २० मिलिग्रॅमची पाणी. सगळी एकाच सरळ काचेच्या ग्लासात, एकाच उंचीपर्यंत, मागे पांढरा कागद, गॅलरीतल्या सावलीत सकाळी. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स दोन्ही लॉक केले, नाहीतर फोन प्रत्येक ग्लासाला वेगळं वागवतो. निळ्याचे आकडे असे आले: साधं पाणी २४०, पाच मिलिग्रॅम १९८, दहा १६४, वीस ११६. जिलबीचं पाणी १५०.

फोनचा आकडा प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतो, म्हणून २.२ चा घात घेऊन शोषण काढलं:

```
A = 2.2 * log10(240 / B)
```

पाच, दहा, विसासाठी ०.१८४, ०.३६४, ०.६९५. जवळजवळ सरळ रेषा, वर थोडी वाकते. जिलबीच्या पाण्याचं ०.४४९. रेषेवर बसवलं तर लिटरला साधारण साडेबारा मिलिग्रॅम, म्हणजे जिलबीत किलोला १२५. मर्यादेच्या वर.

कोपरीकर

मग ग्रुपवर टाकू का?

रसायनवाला_तुर्भे

अजिबात नको. काम सुरेख केलंय, पण एक ग्लास राहिला. रंग न घातलेल्या जिलबीचं पाणी कुठे आहे? मैदा तळला आणि साखर तापली की तांबूस रंग येतो, आणि तोही निळाच गिळतो. काही जण पिठात बेसन घालतात, ते तर मुळातच पिवळं. हे सगळं तुम्ही टार्ट्राझिनच्या खात्यात मांडलंत.

भट्टीवरचा

उद्या बिनरंगाचा घाणा काढतो. तुपाला आणि आचेला तसंच ठेवतो. वाशीला पाठवून देतो.

फोटोवाला_वाशी

मिळाली, धन्यवाद. त्याच सावलीत, त्याच ग्लासात. बिनरंगी जिलबीच्या पाण्याचा निळा आकडा २१५, शोषण ०.१०५. हे वजा केलं तर गाडीवाल्याचं उरतं ०.३४४. रेषेवर बसवलं तर लिटरला साडेनऊ, म्हणजे किलोला ९५. मर्यादेच्या आत!

एका बिनरंगी जिलबीने निकाल फिरला.

रसायनवाला_तुर्भे

९५ वरही विसंबू नका. भट्टीवरच्यांचा घाणा आणि गाडीवाल्याचा घाणा एकसारखा तळला गेला असेल असं नाही, जरा जास्त लाल झाला की तेवढ्यानेच आकडा हलतो. आणि तुम्ही तोललेल्या ग्रॅमभर पुडीत रंग किती होता? डबीवर समजा निम्मा अंश लिहिला असेल, तर तुमचं दहाचं पाणी प्रत्यक्षात पाचचं होतं आणि गाडीवाल्याचे ९५ हे ४७-४८ होतात. शिवाय त्याने सनसेट यलो घातला असेल तर त्याचं शोषण ४८० च्या आसपास, तुमची टार्ट्राझिनची पट्टी त्याला लागूच पडत नाही. जिलबी भगवी आहे म्हणताय, तेव्हा सनसेट यलो असण्याची शक्यता चांगलीच आहे.

फोटोवाला_वाशी

डबी बघितली, अंश लिहिलेला भाग नेमका चिकटपट्टीखाली गेलाय. दुसरी आणतो. पण काका, एक मुद्दा सोडायला मी तयार नाही. एकाच गाडीवरची जिलबी दर आठवड्याला याच पद्धतीने बघितली तर चढ-उतार नक्की कळेल. खरा आकडा चुकीचा असला तरी आज कालच्या दुप्पट रंग पडलाय हे लपणार नाही.

रसायनवाला_तुर्भे

त्याने रंगाची डबी बदलली नाही आणि तळणी तेवढीच ठेवली तर कळेल. रस्त्यावरच्या गाडीवर या दोन्हीची खात्री कोण देणार? मला नाही पटत. दुप्पट झालं तर दिसेल, थोडंथोडं वाढलं तर तळणीत हरवेल.

ठाण्याची_माई

मी शाळेत विज्ञान शिकवायचे, आम्ही मुलांकडून लोकरीचा प्रयोग करून घ्यायचो. पाण्यात व्हिनेगर घालून पांढरी लोकर उकळायची. कृत्रिम रंग लोकरीला धरतो, धुतलं तरी जात नाही. नैसर्गिक रंग बहुतेक निघून जातो. फोटोपेक्षा हे बरं नाही का?

रसायनवाला_तुर्भे

माई, नक्कीच बरं. जिलबीचं गाळलेलं पाणी, थोडं व्हिनेगर, त्यात लोकरीचा तुकडा दहा मिनिटं उकळायचा आणि नळाखाली खळखळून धुवायचा. पिवळा राहिला तर कृत्रिम रंगाचा संशय घ्यायला जागा आहे. दोन ठिकाणी लोक फसतात. बाजारात लोकर म्हणून मिळणारे गुंडे बहुतेक अ‍ॅक्रेलिकचे असतात, त्याला हा रंग धरतच नाही आणि माणूस "नैसर्गिक आहे" म्हणून खूश होतो. धागा जाळून बघा. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, अ‍ॅक्रेलिक वितळून कडक गाठ होते. दुसरं म्हणजे हळद. तीही लोकरीला धरते. म्हणून धुतलेल्या धाग्यावर खाण्याच्या सोड्याचं पाणी टाका. तांबडट झाला तर हळद, पिवळाच राहिला तर दुसरं काही.

तरीही टार्ट्राझिन की मेटॅनिल हे लोकर सांगणार नाही, ती दोघांनाही धरते. त्यासाठी आम्ही लोकरीतून रंग पुन्हा सोडवून कागदावर चढवायचो, शेजारी ओळखीच्या रंगांचे ठिपके ठेवून. कोणता ठिपका कुणाबरोबर वर चढला ते बघायचं.

कोपरीकर

मग आम्ही नक्की करायचं काय? ग्रुपवर लोक माझ्या मागे लागलेत.

रसायनवाला_तुर्भे

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६, कलम ४०. साधा ग्राहकसुद्धा शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो. अट एकच, विकत घेतानाच विक्रेत्याला सांगावं लागतं की हे मी तपासायला देणार आहे. गुपचूप आणलेली जिलबी या कलमात चालत नाही. अहवालात दोष निघाला तर शुल्क परत मिळतं. तेवढं करायचं नसेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या ठाणे कार्यालयात तक्रार द्या, अधिकारी स्वतः नमुना घेतील. विश्लेषकाने अहवाल १४ दिवसांत द्यायचा असतो. तक्रारीत भगव्या रंगाचा फोटो लावू नका. गाडी कुठे असते, कोणत्या वेळी असते, डबीतून रंग टाकताना कुणी पाहिलं का, डबीवर काय लिहिलं होतं, हे लिहा.

गोडघाशा

विक्रेत्याला आधीच सांगितलं तर तो त्या दिवशी चांगलाच माल देईल ना!

रसायनवाला_तुर्भे

तो धोका आहे. म्हणूनच संशय पक्का असेल तर अधिकाऱ्यांनी घेतलेला नमुना बरा, ते सांगून येत नाहीत. ते नमुन्याचे चार भाग करतात, म्हणजे वाद झाला तर दुसरा भाग पुन्हा तपासता येतो. तुमच्या घरच्या डब्यातल्या जिलबीला तो मान नाही.

कोपरीकर

आज संध्याकाळी मी सरळ गाडीवाल्याशी बोललो. रंगाची डबी दाखवा म्हटलं तर त्याने लगेच काढून दिली. परवाना क्रमांक आहे, वर सनसेट यलो लिहिलंय. पण मापाचं विचारलं तर म्हणाला, "अंदाजाने टाकतो, साहेब." डबीचा फोटो ग्रुपवर टाकलाय. निम्मे लोक शांत झाले, निम्मे म्हणतात डबी दाखवायची एक आणि वापरायची एक असते.

भट्टीवरचे, तुमची ती बुचाने मोजायची पद्धत त्याला समजावून सांगाल का? तो रविवारी सकाळी नऊनंतर मोकळा असतो.

भट्टीवरचा

येतो. बुच आणि बाटली घेऊनच येतो. त्याची डबी कोणती ते आधी कळवा, अंश बघून पाणी किती करायचं ते ठरवू.

फोटोवाला_वाशी

सनसेट यलोच असेल तर माझी सगळी पट्टी नव्याने करावी लागणार. त्याच्या डबीतली थोडी पूड मिळाली तर बघा. काका, या वेळी हिरव्या चॅनेलचाही आकडा घेऊ का?

रसायनवाला_तुर्भे

घ्या. सनसेट यलोत हिरवाही थोडा खाली येईल, टार्ट्राझिनमध्ये फारसा येणार नाही. पण बिनरंगी घाणा त्याच्याच कढईतला हवा, भट्टीवरच्यांच्या नको.